'बिट्वीन यू अँड आय' आधी आलं, छडी नंतर

इंग्रजी व्याकरणाप्रमाणे 'बिट्वीन यू अँड मी' हवं असताना 'बिट्वीन यू अँड आय' कानावर पडलं की जाणकार एक कारण हमखास सांगतात. 'जॉन अँड मी वेन्ट' म्हटल्यावर (हा 'मी' इंग्रजीतला, आपला नव्हे) मास्तरांनी इतकं टोकलं की पोरं 'मी'लाच बिचकली आणि जिथे तो हवा तिथेही 'आय' ठोकू लागली. म्हणजे शुद्ध बोलण्याच्या नादात झालेली चूक.

स्पष्टीकरण गोड आहे, पण तारखा जुळत नाहीत. शेक्सपिअरचं व्हेनिसच्या व्यापाऱ्यावरचं नाटक छापलं गेलं १६०० साली. त्यात मरण समोर दिसणारा व्यापारी मित्राला पत्र लिहितो, की तुझीमाझी सगळी देणी फिटली. आणि तिथे शब्द आहेत 'बिट्वीन यू अँड आय'. इंग्रजीतल्या असल्या चुका वेचून दाखवणारी व्याकरणं शाळांत पसरली ती अठराव्या शतकात. त्यातलं सर्वांत गाजलेलं १७६२चं. छडीने या प्रयोगाला नंतर बळ दिलं असेल, जन्म नक्कीच दिला नाही.

मला पटतं ते दुसरं उत्तर. 'बिट्वीन आय' किंवा 'बिट्वीन वी' कुणीच म्हणत नाही. म्हणजे विभक्तीची जाण शाबूत आहे. ती डळमळते फक्त 'अँड'ने जोडलेल्या जोडीत. विभक्ती अख्ख्या जोडीला लागते, आतल्या सर्वनामापर्यंत पोचतेच असं नाही. आपण 'तू आणि मी यांच्यात' म्हणतो तेव्हा 'मी' तसाच राहतो आणि विकार 'यांच्यात'वर येतो. इंग्रजीत असा भार पेलणारा शब्द नाही, म्हणून तिथे घोळ उघडा पडतो. शाळेत सांगतात की जोडीतला दुसरा माणूस काढून वाक्य म्हणून बघा. 'इन्व्हायटेड माय ब्रदर अँड आय'ला ही युक्ती लागू पडते. 'बिट्वीन'ला मात्र दोघं लागतातच, तिथे ती निकामी.

'हू'चं कर्माच्या जागी येणारं रूप म्हणजे 'हूम', त्याची गोष्ट त्या मानाने सरळ आहे. जुन्या इंग्रजीत द्वितीयेचं रूप वेगळं होतं. चतुर्थीच्या रूपाने ते गिळलं, आणि आजचा 'हूम' म्हणजे ती चतुर्थी. १७६२च्या व्याकरणाने 'हूम'ऐवजी 'हू... अंडर' अशा रचनेबद्दल त्याच नाटककाराचे कान उपटले. १७८९मध्ये एका अमेरिकन कोशकाराने उलट बाजू घेतली: बोलताना लोक 'हू'च म्हणतात, तेच ग्राह्य. १९२१मध्ये एका भाषाशास्त्रज्ञाने भाकीत केलं, की दोनेकशे वर्षांत 'हूम डिड यू सी' विद्वान वकीलसुद्धा म्हणणार नाही. बोलण्यातून तो जवळपास गेलाच आहे. 'टू हूम'सारख्या जागी, शब्दयोगीला चिकटून, तेवढा तग धरून आहे.

नडतो तो 'हूम दे से इज किल्ड'सारख्या वाक्यात. 'दे से' झाकलं की उरतं 'हूम इज किल्ड', म्हणजे इथे 'हू'च हवा. ही तरी शाळेच्या धाकाची चूक म्हणावी, तर हेच शब्द जॉन राजावरच्या नाटकात आहेत, आणि नाटककार तोच.