सॅम्पलिंग प्रमेय आणि एलियसिंग

सतत बदलणाऱ्या सिग्नलची ठरावीक अंतराने मोजमापे घेतली, तर त्या मोजमापांवरून मूळ सिग्नल जसाच्या तसा केव्हा परत मिळवता येतो, हे सॅम्पलिंग प्रमेय सांगते. सिग्नलमध्ये B हर्ट्‌झ किंवा त्याहून जास्त वारंवारतेचा कोणताही घटक नसेल आणि दर सेकंदाला किमान 2B नमुने समान अंतराने घेतले असतील, तर दोन नमुन्यांच्या मधल्या प्रत्येक क्षणाची किंमतही त्या नमुन्यांवरून ठरते. नमुना-दराच्या निम्म्या वारंवारतेला नायक्विस्ट वारंवारता म्हणतात. सिग्नलचा एखादा घटक या मर्यादेच्या वर गेला, तर तो नोंदीतून नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच, कमी वारंवारतेचा होऊन नोंदीत शिरतो. याला एलियसिंग म्हणतात.

या प्रमेयाचा शोध कोणा एकाच्या नावावर टाकता येत नाही. गणितज्ञ व्हिटेकर यांनी १९१५ मध्ये समान अंतरावरच्या बिंदूंमधून जाणाऱ्या फलनांचा अभ्यास केला. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तारायंत्राच्या संदर्भात उलट बाजूने विचार करून, B हर्ट्‌झ रुंदीच्या मार्गावरून सेकंदाला जास्तीत जास्त 2B स्वतंत्र स्पंद पाठवता येतात हे दाखवले. सोव्हिएत संघात कोटेल्निकोव्ह यांनी १९३३ मध्ये प्रमेय मांडले. क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या निबंधात ते आज आपण शिकतो त्या रूपात सिद्ध केले आणि दळणवळणाच्या क्षेत्रात ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, असेही तिथेच नमूद केले.

एलियसिंग का होते, हे दूरध्वनीच्या आकड्यांवरून नीट कळते. डिजिटल दूरध्वनीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेण्याची पद्धत रूढ आहे, म्हणजे एका मिलिसेकंदात ८ नमुने. आता ५,००० हर्ट्‌झचा एक शुद्ध सूर या यंत्रणेत आला असे समजू. एका नमुन्यापासून पुढच्या नमुन्यापर्यंत त्याची कला, म्हणजे आवर्तनातले त्याचे स्थान, ३६०° × ५/८ म्हणजे २२५° पुढे सरकते. सूर शिखरावर असताना पहिला नमुना घेतला, तर एका मिलिसेकंदातले आठ नमुने असे येतील:

```
1, -0.707, 0, 0.707, -1, 0.707, 0, -0.707
```

३,००० हर्ट्‌झच्या सुराची कला प्रत्येक नमुन्यागणिक १३५° सरकते. त्याचेही आठ नमुने काढून पाहावेत: आकडे तंतोतंत हेच येतात. कारण २२५° पुढे जाणे आणि १३५° मागे येणे, दोन्हींनी आपण वर्तुळावरच्या एकाच बिंदूवर पोचतो, आणि शिखरावरून सुरुवात केली तर १३५° मागे गेले काय किंवा पुढे गेले काय, किंमत सारखीच येते. त्या मिलिसेकंदात पहिल्या सुराची पाच आवर्तने झाली आणि दुसऱ्याची तीन, पण नमुन्यांत या फरकाचा मागमूस उरत नाही. ऐकणाऱ्याला ३,००० हर्ट्‌झचाच सूर ऐकू येईल. सामान्य नियम असा, की f वारंवारतेचा घटक `|f − k·fs|` या ठिकाणी दिसतो. इथे fs हा नमुना-दर असून k ही पूर्ण संख्या उत्तर 0 ते `fs/2` यांच्या दरम्यान येईल अशी घ्यायची.

सूर बरोबर ४,००० हर्ट्‌झचा असेल तर काय, हा प्रश्न इथे साहजिकच येतो. शिखरावर सुरुवात केली तर नमुने 1, −1, 1, −1 असे येतात. तोच सूर शून्यावरून जात असताना सुरुवात केली, तर सगळे नमुने शून्य येतात आणि सूर होता हेच कळत नाही. म्हणून घटक नायक्विस्ट वारंवारतेच्या खालीच असला पाहिजे. बरोबरी चालत नाही.

यातून सर्वांत महत्त्वाची गोष्ट निघते. नमुने घेऊन झाल्यावर खरा ३,००० हर्ट्‌झचा सूर आणि ५,००० हर्ट्‌झचा वेषांतर केलेला सूर यांना वेगळे करणारे काहीच त्या आकड्यांत उरलेले नसते, त्यामुळे नंतरची कोणतीही गणिती प्रक्रिया केवळ त्या आकड्यांच्या बळावर त्यांना वेगळे करू शकत नाही. बंदोबस्त नमुने घेण्याआधीच, मूळ सिग्नलवर फिल्टर लावून करावा लागतो. दूरध्वनीत साधारण ३,४०० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज जाऊ देतात. प्रत्यक्षातला कोणताही फिल्टर एका रेषेवर कडेलोट केल्यासारखा बंद होत नाही, त्याला उताराला जागा लागते. ती इथे ४,६०० हर्ट्‌झपर्यंत मिळते, कारण ४,००० ते ४,६०० मधले घटक दुमडून ३,४०० ते ४,००० मध्ये पडतात आणि हा पट्टा आपल्याला नकोच असतो. सेकंदाला ६,८०० पेक्षा थोडेसेच जास्त नमुने सिद्धांताला पुरत असताना ८,००० घेतले जातात, ते या उतारासाठी.

आधीच नोंदलेल्या डेटामधले एकाआड एक नमुने टाकून देणे हेही नव्याने सॅम्पलिंगच असते. दर निम्मा होतो, नायक्विस्ट वारंवारताही निम्मी होते, आणि आधी डिजिटल फिल्टर लावला नाही तर वरचा सगळा पट्टा खाली दुमडतो. ही चूक प्रोग्राममध्ये फार सहज होते, कारण निकाल बिघडलेला दिसत नाही.

डोळ्यांनाही हे दिसते. मिनिटाला ३६० फेरे घेणारा तीन पात्यांचा पंखा सेकंदाला ३० चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्याने घेतला, तर प्रत्येक चौकटीत तो ७२° पुढे जातो. पाती १२०° अंतरावर आणि एकसारखी असल्याने चित्रात तो ४८° मागे आल्यासारखा दिसतो, म्हणजे उलटा फिरतो.

मोजमापाच्या कामात मात्र एलियसिंग इतके उघड नसते. भट्टीचे तापमान के-प्रकारच्या थर्मोकपलने सेकंदाला १० वेळा नोंदले जात आहे असे धरू. या थर्मोकपलचा व्होल्टेज एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट इतकाच बदलतो. शेजारच्या विजेच्या तारांमुळे त्यात २० मायक्रोव्होल्ट आयामाची गुणगुण मिसळली, तर वाचन सुमारे अर्धा अंश वरखाली होऊ शकते. भारतातल्या ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्‌झच्या आसपास थोडी हलत असते. ती ४९.९५ असताना `|49.95 − 5 × 10|` म्हणजे ०.०५ हर्ट्‌झची लाट नोंदीत येते: २० सेकंदांत एक संथ चढउतार. आलेख पाहणाऱ्याला वाटते की भट्टीचा नियंत्रकच हेलकावे खातो आहे. वारंवारता अगदी ५० वर आली की लाट थांबते आणि तिच्या जागी एक स्थिर चूक राहते, जी ओळखणे त्याहून अवघड.

ओळखण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे नमुना-दर बदलून पाहणे. दर सेकंदाला ११ केला की तीच गुणगुण `|49.95 − 5 × 11|` म्हणजे ५.०५ हर्ट्‌झवर जाऊन भराभर थरथरू लागते. चढउतार खरोखर तापमानाचा असता, तर तो २० सेकंदांचाच राहिला असता.

नोंदीची सरासरी काढून ही लाट सहज जात नाही, कारण आता ती तापमानाइतकीच संथ झालेली असते. उपाय पुन्हा नमुन्याच्या आधीचाच. १ हर्ट्‌झवर कापणारा साधा रोधक-धारित्र फिल्टर ५० हर्ट्‌झचा घटक पन्नासाव्या भागावर आणतो, म्हणजे अर्ध्या अंशाची चूक शंभरांश अंशावर येते. दुसरा मार्ग असा, की प्रत्येक नमुना एका क्षणी न घेता २० मिलिसेकंदांची सरासरी म्हणून घ्यायचा. हा काळ ५० हर्ट्‌झच्या एका पूर्ण आवर्तनाचा असल्याने गुणगुणीचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांना रद्द करतो. ग्रिड ४९.९५ वर असतानाही साधारण हजारावा भागच उरतो. अचूक डिजिटल व्होल्टमीटरमध्ये मोजमापाचा काळ विजेच्या आवर्तनांच्या पटीत निवडण्याची सोय असते ती यासाठी; १०० मिलिसेकंद निवडले तर त्यात ५० हर्ट्‌झची पाच आणि ६० हर्ट्‌झची सहा पूर्ण आवर्तने बसतात आणि दोन्ही प्रकारच्या ग्रिडची गुणगुण एकाच मांडणीत जाते.