समतोल थाळी

समतोल थाळी म्हणजे रोजच्या घरच्या जेवणात धान्य, डाळ-कडधान्य, भाजी आणि दूध-अंड्यांसारखे प्रथिनयुक्त पदार्थ किती असावेत याचा हिशेब. पानाचा निम्मा भाग भाजी-फळांचा, पाव भाग धान्याचा आणि पाव भाग प्रथिनांचा, असे सोपे चित्र हार्वर्ड विद्यापीठातील आहारतज्ज्ञांनी 2011 मध्ये मांडले आणि ते जगभर पोहोचले. सपाट बशीत वेगवेगळे ढीग करून खाणाऱ्यांना ते सोयीचे आहे. आपल्या ताटात मात्र आमटी वाटीत असते, वरण भातावर ओतलेले असते आणि पोळ्या एकावर एक रचलेल्या असतात. कोणत्या पदार्थाने ताटाचा किती भाग व्यापला, यावरून इथे फारसे काही कळत नाही.

ताट वाढण्याची आपली पारंपरिक पद्धतही या कामी येत नाही. वर मीठ, डावीकडे चटणी, लोणचे, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी आणि मधोमध भाताची मूद ही रचना चवींची आहे, प्रमाणाची नाही. डाव्या बाजूचे पदार्थ तर तोंडी लावण्यापुरतेच वाढतात. त्यामुळे काकडीची कोशिंबीर चमचाभर आणि पोळी ‘अजून एक घ्या’ म्हणत आग्रहाने, असे व्हायला वेळ लागत नाही.

भारतीय जेवणासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिलेले प्रमाण अधिक उपयोगी आहे, कारण ते कच्च्या, कोरड्या वजनात मोजलेले आहे. साधारण 2000 किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारात धान्य 250 ग्रॅम, डाळ-कडधान्य 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळे 100 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिलिलिटर, दाणे-तीळ-सुकामेवा 35 ग्रॅम आणि तेल-तूप 27 ग्रॅम असे ते आहे. एवढे आकडे कोणी पाठ करत नाही, करण्याची गरजही नाही. यातली दोन नाती लक्षात राहिली तरी पुरे: तीन भाग धान्याला एक भाग डाळ, आणि धान्यापेक्षा भाजी जास्त. संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी धान्याचा वाटा 45 टक्क्यांपर्यंत असावा. प्रत्यक्षात भारतीय जेवणात तो 50 ते 70 टक्के असतो.

तीनास एक या नात्यामागे रसायन आहे. गहू, तांदूळ, ज्वारी यांच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळीत ते भरपूर असते. उलट डाळीत मेथिओनीन कमी पडते, ते धान्य पुरवते. वरण-भात, पिठले-भाकरी, उसळ-पोळी या जोड्या म्हणूनच योग्य आहेत. फक्त जोडी जमली म्हणजे प्रमाणही जमले असे होत नाही, आणि घोटाळा बहुतेक वेळा डाळीत होतो.

वाटी एकच असली तरी आतली डाळ एकसारखी नसते. 150 मिलिलिटरच्या वाटीभर घट्ट वरणाला साधारण 30 ते 35 ग्रॅम डाळ लागते. त्याच वाटीतल्या पातळ आमटीत ती 15 ग्रॅमही असू शकते, बाकी पाणी. त्यातही आमटी न ढवळता वरवर वाढली की पहिल्या पंगतीला कट आणि शेवटच्याला बुडाची डाळ. वरण भातावर घातल्यावर मुदीवर थांबते की थेट ताटाच्या कडेला पळते, हे बघितले तरी अंदाज येतो. नेमके कळायला हवे असेल तर कुकरला लावण्याआधी डाळ वजन करावी आणि जेवणाऱ्यांच्या संख्येने भागावी.

चौघांच्या घरातले दुपारचे एक जेवण हिशेबाला घेऊ. दर माणशी चार पोळ्या, वाटीभर भात, वाटीभर आमटी, बटाट्याची भाजी आणि लोणचे. एका पोळीला 25 ग्रॅम कणीक धरली तर चारांची 100 ग्रॅम झाली. भाताचे तांदूळ 40 ग्रॅम. आमटीला चौघांत मिळून 60 ग्रॅम तूरडाळ, म्हणजे प्रत्येकी 15. बटाटा 80 ग्रॅम आणि तेल दोन चमचे. या ताटात सुमारे 670 किलोकॅलरी आणि 18 ग्रॅम प्रथिने आहेत, आणि ऊर्जेचा सत्तर टक्के भाग धान्याचा आहे. धान्य आणि डाळ यांचे प्रमाण तीनास एक नव्हे, नवास एकच्याही पलीकडे गेले आहे. बटाटा नावाने भाजी असला तरी पिष्टमय असल्याने धान्याच्याच बाजूने मोजायला हवा. तसे पाहिले तर या ताटात भाजी नाहीच.

आता तेच ताट थोडे हलवू. पोळ्या दोन, जरा मोठ्या, मिळून 55 ग्रॅम कणकेच्या. भात अर्धी वाटी, 25 ग्रॅम तांदळाचा. डाळ 35 ग्रॅमची, घट्ट. दुधीची किंवा गवारीची भाजी 150 ग्रॅम, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर 50 ग्रॅम, त्यात दहा ग्रॅम दाण्याचे कूट. वाटीभर दही. तेल तेवढेच. ऊर्जा जवळपास तितकीच भरते, पण प्रथिने 26 ग्रॅमच्या आसपास जातात आणि धान्याचा वाटा 40 टक्क्यांवर येतो. पोट रिकामे राहत नाही, कारण काढलेल्या पोळ्यांच्या जागी भाजी, डाळ आणि दही आलेले असते.

प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात, असे 2020 ची भारतीय शिफारस सांगते. म्हणजे 55 किलोच्या बाईला साधारण 46 ग्रॅम. मुख्यतः धान्यावर चालणाऱ्या जेवणात प्रथिनांचा दर्जा उतरतो, तेव्हा किलोला एक ग्रॅम धरणे शहाणपणाचे. मांसाहारी घरात हिशेब सोपा होतो: एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे जवळजवळ 30 ग्रॅम डाळीइतकी. माशाच्या 100 ग्रॅममध्ये 20 च्या आसपास. मात्र मासे आहेत म्हणून भाजी वगळली जाते, हे किनाऱ्यावरच्या घरांत नेहमी दिसते.

पालेभाजीचा अंदाज हमखास चुकतो. पातेलेभर चिरलेला पालक शिजून दोन वाट्यांवर येतो, त्यामुळे ताटातली अर्धी वाटी दिसते त्यापेक्षा बरीच जास्त भाजी असते. दुधीचे तसे नाही. म्हणून भाजीही कच्चीच मोजावी.

पिठले आणि झुणका भाजीच्या जागी वाढतात, पण बेसनाचे असल्यामुळे ते डाळीत धरायचे. उसळही डाळीतच.

हे प्रमाण बैठे किंवा हलके काम करणाऱ्या निरोगी प्रौढांचे आहे. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्याला ऊर्जाच जास्त लागते. त्याची भाकरी कमी करण्यापेक्षा सोबतची उसळ वाढवावी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डाळ आणि दही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, कारण तिथे प्रथिने आणि पोटॅशियम दोन्ही मोजून द्यावी लागतात.