आकृती नसलेलं गणित

‘आकृतीत दाखवल्याप्रमाणे 2, 3 आणि 6 ओहमचे तीन रोध 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडले आहेत. 3 ओहमच्या रोधातून किती विद्युतधारा वाहते?’ विद्यार्थी एवढंच उतरवून विचारतो आणि आकृती पुस्तकातच राहते. आकडे सगळे दिसतात, त्यामुळे उत्तर देणाऱ्याचा हात लगेच गणिताकडे वळतो. इथेच थांबायला हवं.

हे तिन्ही रोध वापरून एकसर आणि समांतर जोडणीच्या आठ रचना होतात. तिन्ही एकसर असतील, तर 3 ओहममधून 12 भागिले 11, म्हणजे सुमारे 1.09 अँपिअर धारा जाते. 3 आणि 6 समांतर आणि त्यांच्याशी 2 एकसर असेल, तर एकूण रोध 4 ओहम होतो. बॅटरीतून 3 अँपिअर निघतात आणि त्यातले 2 आपल्या रोधातून जातात. तिन्ही समांतर असतील, तर उत्तर 4 अँपिअर. सगळ्या रचना सोडवून पाहिल्या की सात वेगळी उत्तरं मिळतात.

आठ रचना आणि उत्तरं सातच, कारण 4 अँपिअर दोनदा येतं. 2 आणि 6 एकमेकांशी एकसर असले, तरी 3 ओहमची दोन्ही टोकं थेट बॅटरीला लागलेली असतात. त्याच्यावर पूर्ण 12 व्होल्ट पडतात, मग बाकीचे दोघे कसे जोडलेत याने काहीच बदलत नाही. म्हणून ‘आकृती पाठव’ म्हणण्याआधी मी विचारतो, ‘3 ओहमची दोन्ही टोकं मध्ये काही न येता थेट बॅटरीला जातात का?’ उत्तर ‘हो’ आलं, की चित्र न पाहताही गणित सुटतं.

‘नाही’ आलं, तर जोडबिंदूंना नावं द्यायला सांगावं: क ते ख 2 ओहम, ख ते ग 3 ओहम, ख ते ग 6 ओहम, बॅटरी क आणि ग यांच्यात. या एका ओळीत अख्खी आकृती आली. ‘दोन रोध शेजारी शेजारी काढलेत’ हे वर्णन मात्र स्वीकारू नये. कागदावर समांतर रेषांत काढलेले रोध एकसरही असू शकतात. दोघांची दोन्ही टोकं त्याच दोन बिंदूंना लागली असतील, तरच ते समांतर.

मागच्या प्रकरणातला धागा तुटला, की चूक याहून लपून बसते. ‘मागील उदाहरणातील बॅटरी’ असं लिहिलेलं असेल आणि तिचा अंतर्गत रोध 1 ओहम असेल, तर वरच्या क-ख-ग जोडणीत एकूण 5 ओहम होतात. बॅटरीतून 2.4 अँपिअर निघतात आणि 3 ओहमच्या वाट्याला 2 ऐवजी 1.6 येतात. अशा वेळी नेमकं असं लिहावं: ‘बॅटरीचा अंतर्गत रोध शून्य धरला तर 2 अँपिअर. मागच्या उदाहरणात तो किती दिला आहे, तेवढं कळव.’