शिवशक्तिसमावेशन

ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभव’ या ग्रंथातील पहिल्या प्रकरणाचे नाव. त्यावरून शिव (शुद्ध जाणीव) आणि शक्ती (त्या जाणिवेची स्फुरणारी, जग उभे करणारी ऊर्जा) यांच्या अभिन्न जोडीची त्यात मांडलेली कल्पना. ही जोडी भारतीय परंपरेत फार जुनी व सर्वत्र परिचित आहे. शाळुंकेसह पूजले जाणारे शिवलिंग, अर्धनारीश्वराची मूर्ती, हरितालिकेला वाळूच्या पिंडीशेजारी मांडली जाणारी पार्वती ही तिची नित्याची रूपे. प्रस्तुत नोंद मात्र मुख्यतः अमृतानुभवातील मांडणीपुरती आहे. हा दार्शनिक विचार तेथे नवराबायकोच्या संसाराच्या भाषेत सांगितलेला असून तो ऐकणारा वर्गही पुढे बहुतांशी संसारी माणसांचाच राहिला.

काळ आणि कर्तृत्व. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके 1212 (इ. स. 1290) असा काळाचा स्पष्ट उल्लेख आहे, अमृतानुभवात तसा नाही. परंपरेनुसार तो ज्ञानेश्वरीनंतरचा, म्हणजे 1290 ते समाधीचे वर्ष 1296 यांच्या दरम्यानचा मानावा लागतो, आणि त्याला बाध येईल असा सबळ पुरावा पुढे आलेला नाही. ग्रंथाची दहा प्रकरणे असून एकूण ओव्या आठशेच्या आसपास आहेत. प्रतींनुसार ही संख्या व काही शब्दांचे पाठही बदलतात. ‘अनुभवामृत’ हे त्याचे दुसरे नाव.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या अभ्यासकांनी दोन ज्ञानदेव होते असा वाद उपस्थित केला. ज्ञानेश्वरी व अमृतानुभव लिहिणारा शैव, आणि अभंग रचणारा विठ्ठलभक्त, असे त्यांचे विभाजन होते. शिवशक्तीच्या वंदनाने उघडणारे हे प्रकरण त्या वादात साहजिकच शैव बाजूला पडले. आज हा तर्क सर्वसाधारणपणे स्वीकारला जात नाही. गुरुपरंपरेने नाथ असलेल्या कवीने विठ्ठलाची भक्ती करण्यात त्या काळी विसंगती वाटली असेल, असे मानण्यास आधार दिसत नाही.

उगमाचा प्रश्न. ही शिवशक्ती कोणत्या दर्शनातून आली, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पहिला पक्ष शांकर अद्वैताचा. शं. दा. पेंडसे यांनी ज्ञानदेवांचे तत्त्वज्ञान शंकराचार्यांच्या परंपरेत बसवून दाखविले. त्या दृष्टीने शक्ती म्हणजे मायेचेच, म्हणजे अज्ञानातून जग भासविणाऱ्या तत्त्वाचेच, आदराने घेतलेले नाव ठरते. अडचण अशी, की अमृतानुभवाचे सर्वांत विस्तृत प्रकरण, सातवे, अज्ञानखंडनाला वाहिलेले आहे. ज्याला अज्ञान ही वस्तूच मान्य नाही, त्याची शक्ती मायेत बसविताना बरीच ओढाताण होते.

दुसरा पक्ष काश्मीर शैवमताचा. तेथे शिव हा प्रकाश आणि शक्ती हा विमर्श, म्हणजे प्रकाशाला असलेली स्वतःची जाण. तिसऱ्या प्रकरणात ‘ज्ञान बंधु ऐसें’ हे वचन ज्ञानदेव शिवसूत्राचे नाव घेऊन देतात, आणि ‘ज्ञानं बन्धः’ हे शिवसूत्र खरोखरच आहे. परंतु एका सूत्राचा उल्लेख एवढ्यावरून सगळे दर्शन तेथून आले, असे म्हणणे धाडसाचे होईल.

तिसरा पक्ष नाथपंथाचा. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ही परंपरा ज्ञानदेव स्वतः ज्ञानेश्वरीच्या शेवटी सांगतात. शिवाच्या आत शक्ती आणि शक्तीच्या आत शिव, हा नाथांच्या ‘सिद्धसिद्धांतपद्धती’तील विचार या प्रकरणाच्या अगदी जवळचा आहे. शैव संकेत नाथांच्या मार्गे आले आणि त्यांना ज्ञानदेवांनी स्वतःचे वळण दिले, हे मत प्रस्तुत लेखकाला अधिक पटण्यासारखे वाटते. भा. पं. बहिरट यांनी जगाला चैतन्याचा विलास मानणारी ‘चिद्विलासा’ची भूमिका ज्ञानदेवांची स्वतंत्र म्हणून मांडली, तिचाही येथे विचार करावा लागतो. सांख्यांचे पुरुष-प्रकृती मात्र या वादाबाहेर ठेवावे. ती मुळातच दोन वेगळी तत्त्वे आहेत आणि त्यांचा वियोग हाच तेथे मोक्ष आहे. येथे वियोगाला जागाच नाही.

अर्ध्याचा प्रश्न. घारापुरीच्या लेण्यात अर्धनारीश्वराचे भव्य शिल्प आहे. उजवे अंग शिवाचे, डावे पार्वतीचे. शरीराच्या मध्यावरून एक न दिसणारी रेघ जाते. शिल्पकाराला ही रेघ टाळता येत नाही. अमृतानुभवाच्या आरंभीच्या संस्कृत श्लोकांपैकी एक नेमका त्या रेघेलाच हात घालतो: ‘सार्धं केन च कस्यार्धं शिवयोः समरूपिणोः’. दोघांचे रूप एकच असेल, तर कोण कोणाबरोबर अर्धे आणि ते अर्धे कोणाचे? ‘शिवयोः’ हे एकच द्विवचनी रूप शिव आणि शिवा या दोघांसाठी आले आहे, म्हणजे व्याकरणानेही दोघांना एकाच शब्दात बसविले आहे. पहिल्याच ओवीत ‘देवोदेवी’ हा जोडशब्द येतो:

ऐशीं इयें निरुपाधिकें । जगाचीं जियें जनकें ।
तियें वंदिलीं मियां मूळिकें । देवोदेवी ॥

दोघांचे सामंजस्य वर्णन करून कवी थांबत नाही. ‘आवडीचेनि वेगें’ ती एकमेकांना गिळतात, आणि द्वैताचीही हौस असल्यामुळे पुन्हा बाहेर टाकतात, असे तो म्हणतो. ऐक्य ही येथे एकदा मिळून संपणारी स्थिती नाही. आवड राहावी म्हणून दोनपण लागते, आणि आवड खरी असल्यामुळे ते टिकत नाही.

संसाराची भाषा. प्रकरणातील सर्वांत मोलाचा भाग घरगुती चित्रांचा आहे. एक ओवी पाहावी:

घरवाते मोटकीं दोघें । जैं गोसावी सेजे रिगे ।
तैं दंपत्यपणें जागे । स्वामिणी जे ॥

घरवात म्हणजे घरसंसार. मोटकीं म्हणजे केवळ, एवढीच. घरात माणसे दोनच. धनी अंथरुणाला गेला की घरधनीण दांपत्याच्या दोन्ही बाजू एकटी सांभाळत जागी राहते. शुद्ध जाणीव स्वतःत मिटलेली असताना तिची शक्ती जग चालविते, हा त्याचा दार्शनिक अर्थ. पुढच्याच ओवीत कवी चित्र उलटे करतो: दोघांपैकी एखादे चुकून पुरते जागे झाले, तर अख्खी घरवात गिळली जाऊन काहीच उरत नाही. संसार चालतो तो एकाच्या निजण्यावर, आणि या झोपेला कवी दोष देत नाही.

दुसरे चित्र जेवणाचे:

जिया चेवविला शिवु । वेद्याचे बोणें बहु ।
वाढितेंसीं जेवूं । धाला जो ॥

तिने शिवाला जागे केले, वेद्याचे म्हणजे जे जे जाणता येते त्या सगळ्याचे ताट भरपूर वाढले, आणि तो वाढणारीसकट जेवून तृप्त झाला. सारा भार ‘वाढितेंसीं’ या शब्दावर आहे. भोक्ता, भोग्य आणि वाढणारी या तिन्ही वेगळ्या गोष्टी धरून वाचले, तर ओवी पतीच्या पंगतीचे साधे वर्णन ठरते. वाढणारी ताटातच सामावली, की जाणणारा, जाणलेले आणि जाणणे यांचा भेद मिटतो. पतीला रूप नाही याची लाज वाटून तिने जगाएवढे नामरूपाचे लेणे अंगावर चढविले, अशीही एक ओवी आहे. नवऱ्याची उणीव झाकण्यासाठी दागिने घालून मिरवणारी बाई श्रोत्यांच्या ओळखीचीच होती.

या चित्रांचा गैरअर्थ काढणेही सोपे असते. शिव निश्चल व शक्ती क्रियाशील. म्हणून पुरुषाने अलिप्त राहावे आणि राबणे बाईच्या वाट्याला यावे, असा निष्कर्ष निरूपणांतून कधी कधी निघतो. ओव्या त्याला आधार देत नाहीत. ‘स्त्रीपुरुष नामभेदें । शिवपण एकलें नांदे’ असे कवी स्पष्ट म्हणतो: बाई आणि पुरुष ही नावे वेगळी, नांदणारे एकच. शिवाय थोरपणाची देवाणघेवाण दोन्हीकडून आहे:

आंगाचिया आटणिया । कांतु उवाया आणिला जिया ।
स्वसंकोचें प्रिया । रूढविली जेणें ॥

तिने स्वतः आटून त्याला प्रकट केले. त्याने स्वतः आकसून तिला वाढविले. अर्थ लावताना चूक झाली आहे का, हे ओळखण्याची एक सोपी खूण येथे मिळते. ज्या निरूपणात आटणे एकाच्याच वाट्याला येते, त्यात ओवीचा अर्धा भाग गाळलेला असतो. ‘निदेलेनि भ्रतारें । जे विये चराचरें’ या ओवीतही पुढे असे आहे, की ती विसावली तर त्याचे ‘आंबुलेपण’, म्हणजे नवरेपणच, उरत नाही.

गृहस्थ वाचक. अमृतानुभव ज्ञानेश्वरीइतका घरोघरी कधी पोचला नाही. त्याची ओवी आखूड आणि युक्तिवाद दाट असल्याने तो टीकेच्या व निरूपणाच्या आधारानेच वाचला जातो. टीकांपैकी शिवकल्याणांची ‘नित्यानंदैक्यदीपिका’ प्रसिद्ध आहे. निरूपणात पहिले प्रकरण सहसा सोपे मानतात, कारण गूळ आणि गोडी, कापूर आणि परिमळ, दोन ओठ आणि एक गोष्ट, दोन डोळे आणि एक दृष्टी हे दृष्टांत घरातलेच आहेत. गुळातून गोडी वेगळी काढू गेल्यास ‘पांगुळु निवाडु होये’, म्हणजे निवडणेच लंगडे पडते. येथील भाव उपासनेपेक्षा विचाराकडे झुकतो. जप, न्यास, यंत्र यांपैकी कशाचाही विधी प्रकरणात नाही, त्यामुळे त्याला शाक्त उपासनेचा ग्रंथ म्हणता येत नाही.

नमनाची अडचण. प्रकरण वंदनाने सुरू होते, पण शेवटाकडे कवीला प्रश्न पडतो: दोघे एकच असतील तर नमस्कार कोणाला, आणि करणारा वेगळा उरतो का? मीठपणाचा लोभ सोडून मिठाने समुद्रपणाचा लाभ घ्यावा, तसा ‘अहं’ देऊन आपण शंभू-शांभवी झालो, असे तो सांगतो. अखेरची ओवी अशी:

शिवशक्तिसमावेशें । नमन केलें म्यां ऐसें ।
रंभागर्भ आकाशें । रिगाला जैसा ॥

रंभा म्हणजे केळ. केळीच्या खोडाचे सोपट एकामागून एक काढीत गेले, की आत गाभा म्हणून वेगळे काही हाती लागत नाही. सोपटांनी वेढलेली तेवढी पोकळी बाहेरच्या आकाशात मिळून जाते.