टेस्ट क्लोजर रिपोर्ट

सॉफ्टवेअरचे एखादे रिलीज ग्राहकाकडे जाण्याआधी टेस्टिंग टीम जो शेवटचा लेखी अहवाल देते, त्याला टेस्ट क्लोजर रिपोर्ट म्हणतात. काय तपासले, काय राहिले, आधी ठरवलेले निकष पुरे झाले का, कोणत्या जोखमी उघड्या आहेत आणि रिलीज सोडावे की थांबवावे, एवढे त्यात येते. आयईईई ८२९ या जुन्या मानकात तो ‘टेस्ट समरी रिपोर्ट’ या नावाने होता. २०१३ साली आलेल्या आयएसओ/आयईसी/आयईईई २९११९-३ मध्ये त्याला ‘टेस्ट कम्प्लीशन रिपोर्ट’ म्हटले आहे. कंपन्यांमध्ये मात्र ‘क्लोजर रिपोर्ट’ हेच नाव चालते.

या अहवालाचा कस लागतो तो तारीख पुढे ढकलता येत नाही तेव्हा. त्यासाठी सोलापुरातले एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादर आणि टेरी टॉवेलचे कारखानदार एका स्थानिक कंपनीचे बिलिंग सॉफ्टवेअर वापरतात. ३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेने दरबदल जाहीर केला आणि तो २२ सप्टेंबरपासून लागू झाला. तोवर चादर-टॉवेलसारख्या मालाला नगामागे १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. नव्या रचनेत २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. २२ सप्टेंबरला घटस्थापना होती आणि दिवाळीच्या ऑर्डरींचा माल निघत होता. सॉफ्टवेअर बदलून, तपासून द्यायला तीन आठवडेही नव्हते.

टेस्टिंग पुरे झाले असे कधी म्हणायचे याचे निकष, म्हणजे एक्झिट क्रायटेरिया, टेस्टिंग सुरू होण्याआधीच टेस्ट प्लॅनमध्ये लिहायचे असतात. आकडे हातात आल्यावर लिहिलेला निकष हा निकष राहत नाही, तो आलेल्या निकालाचा बचाव ठरतो. आपल्या उदाहरणात तीन निकष होते: ९५ टक्के टेस्ट केस, म्हणजे ठरवून लिहिलेल्या एकेक तपासण्या, पास, कराच्या हिशेबात एकही गंभीर दोष उघडा नको, आणि २१ व २२ सप्टेंबर या दोन्ही तारखा मशीनवर लावून सर्व दर तपासलेले असावेत.

नियोजित टेस्ट केस १२०. त्यांपैकी ११२ चालवल्या, १०८ पास झाल्या, ४ नापास. आठ चालवताच आल्या नाहीत. चालवलेल्यांवर काढले तर पासचे प्रमाण ९६.४ टक्के येते आणि निकष पुरा होतो. नियोजितांवर काढले तर ते ९० टक्के येते आणि निकष हुकतो. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. म्हणून कशाचे ९५ टक्के, हे निकषातच लिहिलेले असावे लागते. ते लिहिले नसेल तर अहवालात दोन्ही आकडे द्यावेत आणि न चालवलेल्या केस कोणत्या, हे नावानिशी सांगावे. माझ्या मते क्लोजर रिपोर्ट वाचणाऱ्याने पहिली नजर या न चालवलेल्या केसवर टाकावी, कारण त्या क्वचितच सगळीकडे विखुरलेल्या असतात. बहुधा त्या एकाच जागी साचतात. इथे आठही ई-इन्व्हॉइसच्या, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलांच्या होत्या. पोर्टलचा चाचणी सर्व्हर त्या आठवड्यात मिळाला नव्हता. म्हणजे ‘९३ टक्के केस चालवल्या’ या वाक्याआड एक अख्खे मॉड्यूल न तपासलेले होते.

नापास केसचेही तसेच. चारपैकी तीन केस एकाच दोषाच्या होत्या: डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर बिलाचा शेवटचा रकाना सरकत होता. चौथी एकटीच, पण हिशेबाची होती. ऑगस्टमध्ये १,२०० रुपयांची चादर १२ टक्क्यांनी, म्हणजे १४४ रुपये कर लावून विकली. ऑक्टोबरमध्ये व्यापाऱ्याने ती परत केली. क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दराने, १४४ रुपये कर धरूनच निघायला हवी. ऑपरेटरने मूळ बिलाचा नंबर निवडला तर ती तशी निघते. तो रकाना रिकामा ठेवला तर सॉफ्टवेअर आजचा ५ टक्के दर उचलते आणि कर ६० रुपये दाखवते. हा दोष गंभीर धरला तर दुसरा निकष हुकतो. धरला नाही तर का नाही, याचे कारण अहवालात लागते. मोजणीत तीन विरुद्ध एक दिसते, जोखमीत उलट.

दुरुस्त झालेल्या दोषांपैकी मोठे तेवढेच अहवालात यावेत, पण ते कोणत्या बिल्डमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कोणत्या क्रमांकाच्या आवृत्तीत दुरुस्त झाले हे हवेच. इथे असा एक होता. यादीतल्या दराने २,६०० रुपयांची चादर ५ टक्के सवलतीने २,४७० ला विकली, तर बिलात दाखवलेल्या सवलतीनंतरची किंमत धरून ५ टक्के कर लागतो. सॉफ्टवेअर सवलतीआधीची किंमत पाहून १८ टक्के लावत होते: १२३.५० ऐवजी ४४४.६० रुपये, एका नगामागे. दुरुस्ती झाली, ती केस पास झाली. मात्र सवलतीचे सूत्र बदलले की सवलतीची सगळी बिले पुन्हा तपासावी लागतात. जुन्या बिल्डवर पास झालेल्या केस नव्या बिल्डच्या खात्यात धरणे ही क्लोजर रिपोर्टमधली नेहमीची चूक आहे. ओळखायची खूण सोपी: प्रत्येक निकालासमोरचा बिल्ड नंबर आणि रिलीजचा बिल्ड नंबर जुळतो का, ते पाहायचे.

उघडी जोखीम लिहिताना ‘ई-इन्व्हॉइस पूर्ण तपासलेले नाही’ एवढ्याने भागत नाही. उपयोगी नोंद अशी असते: वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या ग्राहकांना ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे. नव्या दराचे त्यांचे बिल पोर्टल स्वीकारेल की नाही, हे तपासलेले नाही. नाकारले तर पोर्टलकडून मिळणारा बिलाचा नोंदणी क्रमांक, म्हणजे आयआरएन मिळणार नाही आणि माल गोदामातच अडकेल. चुकीच्या दराने स्वीकारले गेले तर आयआरएन २४ तासांतच रद्द करता येतो, पुढे क्रेडिट किंवा डेबिट नोट काढावी लागते. तोवरचा मार्ग: जेएसओएन फाइल काढून पोर्टलवर हाताने अपलोड करणे. जबाबदारी सपोर्ट प्रमुखाची.

आता शिफारस. एरवी निकष हुकला की ‘नो-गो’, म्हणजे रिलीज थांबवणे, हा सावध पर्याय वाटतो, कारण जुने व्हर्जन चालू राहते. इथे तसे नाही. २२ तारखेला जुने व्हर्जन १,८०० रुपयांच्या चादरीवर ५ ऐवजी १२ टक्के लावणार, आणि रोलबॅक केले तरी ग्राहक त्याच चुकीच्या दरावर परत जाणार. त्यामुळे सोडण्याच्या जोखमीशेजारी न सोडण्याची जोखीमही मांडावी लागते. बऱ्याच अहवालांत ही बाजू येतच नाही आणि निर्णय घेणाऱ्याला अर्धेच चित्र दिसते.

या आकड्यांवर शिफारस सशर्त ‘गो’ अशी होईल. ५ कोटींपर्यंतच्या ग्राहकांना रिलीज थेट द्यावे, पण क्रेडिट नोटवर मूळ बिलाचा नंबर सक्तीचा करून आणि त्या बदलाची वेगळी तपासणी करून. त्यावरच्या ग्राहकांना ते ई-इन्व्हॉइसची थेट जोडणी बंद ठेवून द्यावे आणि आठ केस चालवल्यावर जोडणी सुरू करावी. प्रिंटरचा दोष पुढच्या रिलीजमध्ये जाईल. पहिला निकष नियोजित केसवर हुकला आहे, तो कोणी आणि कोणत्या कारणाने शिथिल केला, हे सहीसह नोंदवावे.

ही सही टेस्ट लीडची नसते. त्याचे काम शिफारस करण्यापर्यंत. जोखीम स्वीकारायची ती प्रॉडक्ट किंवा व्यवसाय सांभाळणाऱ्याने. निर्णय शिफारशीच्या उलट गेला तरी शिफारशीचे शब्द बदलायचे नसतात, निर्णय त्याखाली स्वतंत्र लिहायचा असतो. अटींवर सोडलेल्या रिलीजचा अहवाल त्या दिवशी बंदही होत नाही: चाचणी सर्व्हर मिळून आठ केस चालल्या की त्यांचे निकाल त्याच अहवालाला पुरवणी म्हणून जोडतात, आणि त्यानंतरच थेट जोडणी सुरू होते.