लग्नाच्या दिवसाचा तक्ता आम्ही असा बनवतो

लग्न पंधरा दिवसांवर आलं की निम्मा प्लॅन बाबांच्या डायरीत असतो, निम्मा व्हॉट्सॲपवर, आणि केटररशी काय ठरलं ते फक्त आईला ठाऊक असतं. ते सगळं आहे तसं आमच्याकडे द्या. नीट लिहून काढत बसू नका.

आम्ही मुहूर्तापासून सुरुवात करून मागे मागे येतो, कारण दिवसभरात तेवढी एकच वेळ हलत नाही. समजा, मुहूर्त 12:20 चा आहे. मंगलाष्टकांना पंधरा मिनिटं धरली तर 12:05 ला गुरुजींच्या हातात चालू माइक हवा आणि त्याआधी अक्षता वाटून झालेल्या हव्यात. नवरी 10:45 ला गौरीहर पुजायला बसणार असेल तर मेकअप, केस, साडी हे सगळं 10:30 ला उरकलं पाहिजे. मेकअपवालीने अडीच तास सांगितले असतील, तर नवरी आठला खुर्चीत बसायला हवी.

आता तुमच्या यादीतली 'फुलं – सकाळी' ही ओळ घ्या. यात खरं तर चार कामं आहेत: मंचाची सजावट, गजरे, मुंडावळ्या आणि वरमाला. प्रत्येकाची वेळ वेगळी, ताब्यात घेणारं माणूसही वेगळं. म्हणून आम्ही चार ओळी करतो:

6:30 – फुलवाला – मंचाची सजावट सुरू – चुलत भाऊ
9:00 – फुलवाला – गजरे मेकअप रूममध्ये – आतेबहीण
10:00 – फुलवाला – मुंडावळ्या दोन्ही खोल्यांत – मावशी
11:30 – फुलवाला – वरमाला मंचावर – चुलत भाऊ

घोळ होतो तो बहुधा दोन व्हेंडरांच्या मधे. गजरे आणतो फुलवाला, पण खोळंबते मेकअपवाली. माइक साउंडवाल्याचा, थांबतात गुरुजी. अशी वस्तू दिसली की ती कोण कोणाच्या हातात देणार, हे आम्ही तुम्हाला मुद्दाम विचारतो.

जबाबदारीच्या रकान्यात 'घरचे' किंवा 'मुलीकडचे' असं आम्ही लिहीत नाही. एक नाव, एक फोन नंबर. आणि ते नाव विधीतल्या माणसाचं नको. कन्यादानाला आई-बाबा बसलेले असतात, नवरीला मंचावर मामा आणतात, करवली पाठीशी उभी असते. त्या वेळी केटररचा फोन यांनी कसा घ्यायचा? मामांना हौस असतेच. त्यांना आदल्या दिवशीच्या सीमांतपूजनाची कामं द्या.

ओळी तयार झाल्या की तोच तक्ता तीन प्रकारे लावून छापतो. वेळेनुसार लावलेला आमच्या माणसाकडे आणि हॉल मॅनेजरकडे राहतो. प्रत्येक व्हेंडरला फक्त त्याच्या ओळींचं पान मिळतं, वर जागा आणि कोणाला फोन करायचा ते. घरच्या प्रत्येकाला त्याच्या नावापुढची कामं वेगळी मिळतात.

व्हेंडरांची उरलेली रक्कम हीसुद्धा तक्त्यातली एक ओळ असते: किती, कधी, पाकीट कोणाकडे. ही माहिती आणि जेवणाचा अंदाजे आकडा लग्नाच्या आठ दिवस आधी आम्हाला कळवा.