सारवण, भेगा आणि डोळ्यांखालचा मेकअप

गेल्या हिवाळ्यात माझ्या मावशीच्या नातीचे लग्न झाले. मावशीचे वय 66. सकाळी सातला पार्लरवाल्या मुलीने तिचा मेकअप केला आणि आरशात तो छान दिसलाही, पण दुपारी पंगतीला बसेपर्यंत तिच्या डोळ्यांखाली व ओठांच्या दोन्ही कडांना फिकट, पांढरट रेघा उमटल्या होत्या. त्या मुलीने दोनदा येऊन त्यांच्यावर कॉम्पॅक्ट थापले आणि दोन्ही वेळा रेघा आणखी ठळक झाल्या. "अरे, तोंडाला भेगा पडल्यात बघ माझ्या, सारवण उकलल्यासारख्या," असे मावशी हसत म्हणाली. मी रंगांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काढली आहेत. त्यामुळे तिचे हे वाक्य मला विनोदापेक्षा निदानासारखे वाटले.

वय वाढले की जास्त झाकावे लागते आणि वरून पावडर बसवली की मेकअप हलत नाही, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रौढ त्वचेच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नेमक्या उलट्या आहेत. तसे का होते, हे समजण्यासाठी फाउंडेशनकडे प्रसाधन म्हणून न पाहता भिंतीवरच्या रंगासारखा एक थर म्हणून पाहावे लागते.

आधी या थराची जाडी काढू. सोयीसाठी चेहऱ्याचे क्षेत्रफळ 400 चौरस सेंटिमीटर धरले आणि फाउंडेशन व कन्सीलर मिळून 0.8 ग्रॅम लावले, तर दर चौरस सेंटिमीटरवर 2 मिलिग्रॅम येतात. घनता पाण्याएवढी मानली, तर हा ओला थर 20 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा भरतो. ही जाडी क्षुल्लक वाटेल, पण चेहऱ्याच्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा, मृत पेशींचा थरही साधारण 10 ते 20 मायक्रॉनचाच असतो. म्हणजे आपण त्वचेवर तिच्या बाह्य थराएवढ्याच जाडीचा दुसरा थर चढवतो आणि मूळ थर वाकेल तसा यानेही वाकावे, अशी अपेक्षा धरतो.

हा थर लावल्यानंतर त्यातले पाणी आणि लवकर उडून जाणारी सिलिकोनसारखी द्रव्ये काही मिनिटांत निघून जातात आणि मागे रंगद्रव्याचे कण, तेल, मेण व पापुद्रा धरणारी बहुवारिके, म्हणजे पॉलिमर, उरतात. आकारमान घटल्यामुळे थराला आकसायचे असते, पण खालून तो त्वचेला चिकटलेला असल्याने त्याला आकसता येत नाही आणि त्याच्यात ताण साठतो. थर जितका जाड, तितका हा साठा मोठा. एका मर्यादेपलीकडे तडा जाऊन ताण मोकळा होणे हेच थराला सोपे पडते. अंगण सारवणाऱ्या बाईला हे गणित न मांडता ठाऊक असते. ती पातळ हात फिरवते, कारण जाड लिंपले तर वाळताना भेगा पडणार. तेच सारवण आणि तीच जमीन, फरक फक्त जाडीचा.

अंगण मात्र हलत नाही आणि चेहरा सतत हलतो. माणूस मिनिटाला साधारण 15 वेळा पापणी मिटतो, म्हणजे सकाळी सात ते दुपारी एक या सहा तासांत मावशीच्या डोळ्यांखालची नाजूक, पातळ त्वचा सुमारे 5,400 वेळा दुमडली व उलगडली गेली. थर मऊ असेल, तर प्रत्येक दुमडीत दोन्ही काठांवरचा माल घळीत ढकलला जातो, काठ एकमेकांना टेकून चिकटतात आणि उलगडताना असमान सुटतात. असे हजारो वेळा झाले की काठ उघडे पडतात आणि घळीत रंगाची बारीक दोरी तयार होते. कन्सीलर त्वचेपेक्षा उजळ असल्याने ही दोरी पांढरी दिसते. थर कोरडा व कडक असेल, तर तो दुमडत नाही, मोडतो. त्याचे कण सुटतात आणि तेही शेवटी घळीतच जाऊन बसतात.

आता पावडरकडे वळतो. माझा जीव या भागात अडकलेला आहे, तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा. कोणत्याही रंगात घन कण आणि त्यांना धरून ठेवणारे बंधक द्रव्य असते. कण कमी असले, तर त्यांच्यामधल्या सगळ्या फटी बंधकाने भरलेल्या राहतात आणि थर सलग, लवचिक व किंचित चमकदार होतो. कण वाढवत नेले, तर एक बिंदू असा येतो की फटी भरायला बंधक पुरत नाही आणि त्यांच्यात हवा शिरते. रंगरसायनशास्त्रात या बिंदूला रंगद्रव्याचे क्रांतिक आकारमान-प्रमाण म्हणतात. तो ओलांडला की थराचे सगळे गुण एकदम बदलतात: चमक जाते, थर ठिसूळ होतो आणि हात लावला की पांढरे निघू लागते. तैलरंगाची भिंत आणि चुन्याची भिंत यांच्यातला फरक बराचसा हाच आहे. फाउंडेशनवर कॉम्पॅक्ट चढवताना आपण कण वाढवतो आणि बंधक होते तेवढेच ठेवतो. शिवाय पावडरीतले सच्छिद्र सिलिकाचे कण थरातले होते ते तेलही शोषून घेतात. मावशीच्या चेहऱ्यावर दर खेपेला नेमके हेच घडत होते. तैलरंगाची भिंत हळूहळू चुन्याची होत होती.

फटींमध्ये शिरलेली हवा आणखी एक घोळ करते. एखाद्या पदार्थात शिरताना प्रकाश किती वाकतो, हे सांगणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक. टाल्क आणि अभ्रक यांचा अपवर्तनांक साधारण 1.58 असतो व तेलाचा 1.45च्या आसपास. दोन्ही आकडे जवळचे असल्यामुळे तेलात भिजलेले टाल्क जवळजवळ पारदर्शक दिसते. हवेचा अपवर्तनांक 1 असल्याने तेच टाल्क कोरडे असताना प्रकाश चहूकडे विखुरते आणि पांढरे दिसते. ओले कापड गडद आणि वाळलेले फिके दिसते, त्यामागे हेच कारण आहे. कोरड्या त्वचेवरची पावडर राखेसारखी दिसते ती यामुळे. भरीला पार्लरमध्ये दोन छटा गोरे फाउंडेशन निवडले गेले, तर त्यातले जादा टायटॅनियम डायऑक्साइड आपल्याकडच्या सावळ्या रंगावर करडी झाक आणते. चेहरा उजळत नाही, पांढराफटक होतो.

मग तेच कॉम्पॅक्ट मावशीच्या सुनेला कसे चालते? तिची त्वचा दिवसभर तेल स्रवत राहते आणि पावडरीच्या फटी खालून भरत जातात, म्हणजे बंधकाचा पुरवठा चालू असतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या त्वचेतला हा स्राव घटतो. सकाळी कोरडा पडलेला थर संध्याकाळपर्यंत कोरडाच राहतो.

लग्नानंतर महिन्याभराने मावशीच्या घरी आम्ही एक प्रयोग केला. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा माझ्याकडे आहे. चेहऱ्याच्या डाव्या बाजूला पार्लरच्या पद्धतीने 0.4 ग्रॅम माल आणि वर पावडर, तर उजव्या बाजूला जेमतेम 0.1 ग्रॅम. उजव्या बाजूची तयारी मात्र सावकाश केली. तोंड धुतल्यावर त्वचा ओलसर असतानाच ग्लिसरीन असलेले साधे मॉइश्चरायझर लावले, दहा मिनिटे थांबलो आणि टिश्यू टेकवून वरचे न मुरलेले टिपून घेतले. हे थांबणे टाळले, तर फाउंडेशन तेलाच्या थरावर तरंगते आणि चोळताना त्याच्या मळासारख्या गोळ्या सुटतात. मग तांदळाच्या दोन दाण्यांएवढे पातळ फाउंडेशन ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजने नाकाच्या बाजूला आणि गालाच्या मध्यावर टेकवत नेले आणि कानाकडे जाताना विरून जाऊ दिले. कपाळ व जबडा जवळजवळ मोकळाच ठेवला. डोळ्यांखाली जिथे काळसर होते तिथेच, म्हणजे नाकाजवळच्या कोपऱ्यात, नारिंगी झाक असलेल्या करेक्टरचा एक ठिपका दिला आणि खालच्या बारीक रेषांवर मुद्दाम काहीच लावले नाही.

यानंतरची पायरी बहुतेक जणी गाळतात. द्रव्ये उडून थर बसायला पाच मिनिटे दिली, मावशीला चार-पाच वेळा मनमोकळे हसायला लावले आणि जिथे रेघ उमटली तिथे स्वच्छ अनामिका टेकवून जमलेला माल उचलून घेतला. घळीत जो माल जायचा तो आधीच जाऊ दिला आणि काढून टाकला. पावडर फक्त नाकाच्या बाजूंना, बारीक ब्रशने लावली.

पाच तासांनी डाव्या डोळ्याखाली चार रेघा स्पष्ट मोजता येत होत्या. उजवीकडे एक होती, तीही खिडकीपाशी नेऊन पाहिल्यावर दिसणारी. दोष कोणता, हे बोट सांगते. रेघेवर टेकवलेल्या बोटाला मलईसारखे लागले, तर माल जास्त झाला. बोट कोरडे, भुकटी लागलेले निघाले, तर पावडर जास्त झाली. दुसऱ्या प्रकारात आणखी पावडर लावणे म्हणजे चुन्याच्या भिंतीला पुन्हा चुना फासणे होय. तिथे मॉइश्चरायझरचा अगदी पुसट हात बोटाने दाबून द्यावा, म्हणजे फटी भरतात आणि पांढरेपणा बराचसा जातो.

एवढे कमी लावून चेहरा टवटवीत दिसेल का, ही मावशीची शंका रास्त होती. पोर्शरॉन, मोझे आणि रसेल या संशोधकांनी 2013 साली दाखवून दिले की वयाबरोबर डोळे, भुवया व ओठ आणि भोवतालची त्वचा यांच्यातला रंगभेद काही बाबतींत कमी होत जातो आणि पाहणारा माणूस वयाचा अंदाज बांधताना हा भेदही नकळत वापरतो. जाड बेस सगळा चेहरा एका रंगाचा करतो, म्हणजे उरलासुरला भेदही बुजवतो. शिवाय निरोगी गालाची लाली खालच्या रक्तावरून परतलेल्या प्रकाशातून येते आणि अपारदर्शक थर तो प्रकाशच अडवतो. म्हणून रंग द्यायचाच, तर भुवयांच्या विरळ जागी, पापण्यांच्या मुळाशी आणि ओठांवर द्यावा. गालांवर पावडरऐवजी क्रीमचा ब्लश बोटाने टेकवावा, कारण त्याच्याबरोबर त्याचे बंधकही येते.

या सगळ्यात सोन्याचे फेशियल आणि कोलॅजनयुक्त फाउंडेशन यांचा उल्लेख नाही, याची दोन वाचकांना तरी चुटपुट लागेल. त्वचेतून आत शिरणाऱ्या रेणूचे वजन साधारण 500 डाल्टनच्या आत असावे लागते आणि कोलॅजनचा रेणू जवळपास 3,00,000 डाल्टनचा असतो. तो वर बसून त्वचा ओलसर ठेवू शकतो, सुरकुती आतून भरू शकत नाही. सोन्याचा वर्ख तर मिठाईवर बसतो तसाच गालावर बसतो.

पातळ थरालाही मर्यादा आहेच. नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत जाणारी खोल घडी ही रंगाची नाही, सावलीची आहे आणि रंगाने उंचसखलपणा बदलत नाही. त्या घडीत उजळ कन्सीलर भरला, तर समोरून पडणाऱ्या दिव्यात ती बुजल्यासारखी वाटते, पण मान वळताच सावली परत येते आणि तिच्या तळाशी पांढरी रेघ दिसते. मावशीने उजव्या बाजूची ती घडी मोकळी सोडली आणि मग ओला रुमाल घेऊन आधी डावी बाजू पुसली.